‘सकाळी’ म्हणजे किती वाजता?

दसऱ्याच्या दिवशी साडेनऊला दुकानाचा फोन वाजला. पलीकडे एक आजोबा होते. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच तो जास्त लागला. ते म्हणाले, “बाई, तुम्ही सकाळी म्हणाला होतात. माझी पूजा सातलाच आटोपली. दार अजून तसंच आहे.” त्यांचं तोरण तेव्हा आमच्या मुलाच्या स्कूटरवर, चार सोसायट्या अलीकडे होतं. आमच्या हिशेबात साडेनऊ म्हणजे सकाळच. त्यांच्या हिशेबात सकाळ सातला संपली होती.

पुण्यात आमचं फुलांचं दुकान आहे. सणाच्या आधी गिऱ्हाइकांना मागणीचा जो मजकूर जातो, तो मी लिहिते. त्या पहिल्या वर्षी मी एवढंच लिहिलं होतं : “दसऱ्यानिमित्त झेंडूची तोरणं व हार मिळतील. सकाळी घरपोच. मागणी लवकर नोंदवा.” तीन वाक्यं, आणि तिन्ही फसवी. ‘तोरण’ म्हणजे किती लांब, ‘सकाळी’ म्हणजे किती वाजता आणि ‘लवकर’ म्हणजे कधीपर्यंत, यातलं काहीच त्यात नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या घरच्या रीतीने अर्थ लावला आणि त्या दिवशी निम्मी गिऱ्हाइकं नाराज झाली. फुलं चांगली होती. मजकूर कच्चा होता.

आता हा मजकूर दर सणाला नव्याने लिहिते. २०२५ च्या दसऱ्याला पाठवलेला असा होता :

“दसरा, गुरुवार, २ ऑक्टोबर. झेंडूची तोरणं आणि हार, दुकानापासून तीन किलोमीटरच्या आत घरपोच.

तोरण : केशरी-पिवळा झेंडू आणि आंब्याची पानं, सुती दोऱ्यात. ४२ इंची दारासाठी २५० रुपये. दार याहून रुंद असेल तर माप कळवा, किंमत सांगू.

हार : तीन फुटी, भरगच्च, १२० रुपये.

माप : तोरणाचे दोन खिळे जिथे आहेत, त्यांच्यामधलं अंतर, इंचांत.

वेळ, एकच निवडा : पहाटे ५.३० ते ७, सकाळी ७ ते ८.३०, सकाळी ८.३० ते १०. प्रत्येक वेळेत २४ घरं. भरली की ती वेळ बंद.

मागणी सोमवार २९ सप्टेंबर, रात्री ९ पर्यंत, पूर्ण पैसे भरून. रद्द करायची असेल तर तीही तोवरच.

सोबत लिहा : नाव, पत्ता, मजला, दाराचं माप, वेळ, आणि घंटी वाजवायची की पिशवी कडीला अडकवायची.

फुलांच्या रंगात बदल करावा लागला तर मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळवू. ठरलेल्या वेळेत पोचलं नाही तर पैसे परत, तोरण तुमचंच.”

वाचायला रुक्ष आहे खरा. पण त्यातली एकेक ओळ कुठल्या ना कुठल्या सणाच्या चुकीतून आलेली आहे. त्या ओळींमागे काय आहे ते सांगते. तुम्ही कुठल्याही फुलवाल्याकडे मागणी नोंदवत असाल तरी काय विचारायचं आणि काय कळवायचं, ते त्यातून उमगेल.

माप : दोन इंचांची गोष्ट

गिऱ्हाईक म्हणतं, “मोठं द्या, दार मोठं आहे.” फ्लॅटच्या मुख्य दाराची चौकट साधारण साडेतीन फुटांची, म्हणजे ४२ इंचांची असते. उंची सात फूट. मग तोरण किती लांब करायचं? मला आधी वाटायचं, ४२ इंचांच्या दाराला चार फुटी तोरण छान होईल, थोडा झोळ हवाच. एकदा तशी केली आणि दुसऱ्या दिवशी चारपाच घरांतून एकच तक्रार आली : डोक्याला लागतंय.

झोळाचं गणित फसवं असतं. दोन खिळ्यांमध्ये ४२ इंच असतील आणि दोर ४४ इंचांचा असेल, म्हणजे फक्त दोन इंच जास्त, तर मधोमध तोरण साडेपाच इंच खाली येतं. दोर ४८ इंच केला, म्हणजे सहा इंच जास्त, तर ते जवळजवळ दहा इंच उतरतं. त्याखाली आंब्याचं पान आणखी सहा इंच लोंबतं. सात फुटांच्या दारात मग मधोमध जेमतेम पाच फूट आठ इंच उरतात. घरातला उंच मुलगा दिवसभर पानं डोक्याने ढकलत ये-जा करतो आणि संध्याकाळपर्यंत मधली पानं फाटलेली असतात. ४४ इंचांच्या तोरणाखाली मात्र सहा फूट मोकळे राहतात.

म्हणून आमचं माप ठरलंय : खिळ्यांमधलं अंतर अधिक दोन इंच. मजकुरात ‘दाराची रुंदी’ न लिहिता ‘दोन खिळ्यांमधलं अंतर’ असं लिहिते, तेही याचसाठी. काहींचे खिळे चौकटीच्या बाहेर भिंतीत असतात, काहींचे आतल्या कडेला. दार तेच, पण मापात सहा-सात इंचांचा फरक पडतो. खूप रुंद दार असेल तर मधे तिसरा खिळा मारून घ्या. एका मोठ्या झोळाचे दोन लहान झोळ होतात आणि डोकं वाचतं.

४४ इंचांच्या तोरणात आम्ही झेंडूच्या अकरा जोड्या ओवतो. एक केशरी, एक पिवळं, देठाला देठ लावून, म्हणजे दारातून आत येणाऱ्यालाही फुलाचं तोंड दिसतं आणि बाहेर जाणाऱ्यालाही. एक जोडी अडीच इंच जागा घेते. दोन जोड्यांच्या मधे आणि दोन्ही टोकांना पान, अशी बारा पानं. पानाला दीड इंचाहून थोडं कमी. जमवून बघा, ४४ इंच भरतात. हाराचं वेगळं. तिथे फुलं अंगाला अंग लावून दाबून ओवायची, इंचाला एक. तीन फुटी हाराला छत्तीस फुलं. ‘भरगच्च’ शब्दाचा अर्थ एवढाच, आणि कुणी विचारलं तर मी आकडा सांगते. स्वस्त हारात तीन फुटांत वीस-बावीसच फुलं असतात आणि मधे दोरा दिसतो. तो हार वाईट नसतो, पण भरगच्चही नसतो.

सोमवारी रात्री नऊच का?

दसरा गुरुवारी आणि मागणी सोमवारी बंद, हे अनेकांना फार आधी वाटतं. “बुधवारी सांगितलं तर नाही का चालणार, तोरण तर बुधवारी रात्रीच करता ना?” हा प्रश्न दर वर्षी येतो.

तोरण बुधवारी रात्रीच होतं, हे खरं. पण फूल मंगळवारी ठरतं. पुण्याचा घाऊक फुलबाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भरतो. पुरंदर, सातारा, सोलापूर अशा भागांतून तिथे झेंडू येतो. मंगळवारी सकाळी मी आडत्याला किलो सांगते. बुधवारी पहाटे यजमान यार्डात जाऊन माल बघतात, उचलतात आणि आठपर्यंत दुकानात आणतात. सणाच्या आदल्या दिवशी यार्डात फूल मिळत नाही असं नाही. मिळतं, पण मग जे उरलं ते आणि ज्या भावाला मिळेल त्या भावाला. आधी सांगून ठेवलं की निवडायला मिळतं.

किलो किती सांगायचे, ते मागण्या मोजल्याशिवाय कळत नाही. त्या दसऱ्याला ७२ तोरणं आणि ६० हार होते. तोरणाला २२ फुलं म्हणजे १,५८४. हाराला ३६ म्हणजे २,१६०. एकूण ३,७४४. मध्यम आकाराची फुलं किलोत दीडशेच्या आसपास बसतात, पण त्यातली सहावा हिस्सा निवडताना बाजूला पडतात : कुणाच्या पाकळ्या गळलेल्या, कुणी फार लहान, कुणी पाटीच्या तळाशी चेंगरलेलं. म्हणजे किलोमागे कामाची फुलं १२५. भागून बघितलं तर तीस किलो. पानं ८६४ लागतात, हजार घेते. मागणीचा मजकूर नीट असला की सोमवारी रात्री सव्वानऊला हे गणित वहीच्या एका पानावर होतं. मजकूर मोघम असला की अंदाजे पन्नास किलो आणायचे आणि दसऱ्याच्या दुपारी उरलेला ढीग कुजताना बघायचा.

त्या वर्षी मात्र हे गणित पावसाने बिघडवलं. सप्टेंबरच्या शेवटी मराठवाडा आणि सोलापूर भागात अतिवृष्टी झाली, शेतं पाण्यात गेली. जो झेंडू आला तो भिजलेला होता. भिजलेल्या झेंडूचे दोन तोटे असतात. पाकळ्यांत पाणी धरून ठेवल्यामुळे तो तराजूवर जड भरतो, म्हणजे किलोत फुलं कमी येतात. आणि तेच पाणी गाभ्यात राहिलं की फूल आतून काळं पडायला लागतं. बाहेरून टवटवीत, आत चिकट. आडत्याने मंगळवारी सकाळीच सांगितलं की पिवळा फार भिजलाय. आम्ही तीसऐवजी चाळीस किलो घ्यायचं ठरवलं आणि संध्याकाळी सगळ्यांना कळवलं : “पावसामुळे पिवळी फुलं कमी मिळतील. तोरणात केशरी जास्त असेल.” कुणीही तक्रार केली नाही. हेच त्यांना गुरुवारी दारात तोरण हातात घेतल्यावर कळलं असतं, तर फसवल्यासारखं वाटलं असतं.

बुधवारी सकाळी फुलं आली ती जुन्या सुती चादरींवर, पंख्याखाली, तोंड खाली करून पसरली. तीन-चार तासांनी चादर ओली आणि फूल हलकं झालेलं असतं. असं फूल हातात धरून मागचा हिरवा कप दाबून बघायचा. कडक लागला तर ओवायचं, बोटाखाली मऊ लागला तर टाकायचं. त्या दिवशी टाकलेल्या फुलांची पाटी नेहमीच्या दुपटीहून मोठी होती.

रात्रीचं काम आणि बहात्तरची मर्यादा

“एक तोरण जास्त केलं तर काय बिघडतं?” हा दुसरा नेहमीचा प्रश्न. एक तोरण बारा मिनिटांचं असतं. बिघडतं ते त्या बारा मिनिटांत.

आमच्याकडे ओवायला तिघी असतात. त्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून येतात. त्यांचा हात बघण्यासारखा आहे. लांब सुईत दुहेरी सुती दोरा, डाव्या हाताच्या तळव्यात चार फुलं, उजव्या हाताने सुई कपाच्या बरोबर मध्यातून आत आणि पाकळ्यांच्या मध्यातून बाहेर. सुई तिरकी गेली की फूल माळेत कलतं आणि शेजारच्याला दाबतं. पानाचं काम त्याहून नाजूक. देठाजवळ शिरेच्या दोन्ही बाजूंना दोन टोचे घ्यायचे, म्हणजे पान सपाट लोंबतं आणि फिरत नाही. एकाच टोच्यावर टांगलेलं पान वाऱ्याने उलटं होतं. मावशी कोवळी, तांबूस झाक असलेली पानं घेतच नाहीत. दिसायला ती सुंदर असतात, पण उन्हं वर यायच्या आत मलूल होतात. जून, गर्द हिरवं पान संध्याकाळपर्यंत तग धरतं. शेवटी दोन्ही टोकांना सहा इंच मोकळा दोरा ठेवून त्याचा फास बनवायचा, म्हणजे घरी कुणालाही गाठी मारत बसावं लागत नाही.

एवढ्या सगळ्याला सरावाच्या हाताला बारा मिनिटं लागतात. हाराला सहा. ७२ तोरणांची ८६४ मिनिटं आणि ६० हारांची ३६०, मिळून १,२२४. तिघी रात्री नऊला बसतात, पहाटे साडेचारला उठतात, मधे अर्धा तास चहा आणि पाय मोकळे करायला. म्हणजे प्रत्येकीचे सात तास, तिघींची १,२६० मिनिटं. हातात उरतात ती छत्तीस मिनिटं. तुटलेला दोरा, चुकलेलं माप, कुणाला आलेली डुलकी, सगळं त्यात बसवायचं. त्या छत्तीस मिनिटांत आणखी तीन तोरणं घुसवता येतात, पण मग पहिली गाडी उशिरा निघते आणि एका गिऱ्हाइकाच्या आग्रहापायी चोवीस घरांची वेळ चुकते.

मग दुपारपासूनच का बसत नाही? कारण ओवलेलं फूल सुट्या फुलापेक्षा लवकर थकतं. सावलीत, हवेशीर पाटीत सुटा झेंडू दोन दिवस सहज टिकतो. ओवला की त्याच्या पोटात टोचा असतो आणि दोन्ही बाजूंनी शेजारी चिकटलेले असतात. मधे दमटपणा अडकतो आणि जिथे पाकळीला पाकळी टेकते तिथे तपकिरी डाग पडू लागतात. रात्री ओवलेलं तोरण दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून लोक घरी येईपर्यंत चांगलं दिसायला हवं. दुपारी ओवलेलं, रात्रभर रचून ठेवलेलं तोरण सकाळीच शिळं दिसतं.

बांधाबांध यजमान आणि मी करतो. एकेक तोरण सैल गुंडाळून कागदी पिशवीत घालायचं, तोंड उघडं ठेवायचं. प्लास्टिकची बंद पिशवी झेंडूचा शत्रू आहे. आत वाफ धरते आणि तासाभरात फूल घामेजतं. पाणी शिंपडायचं ते पानांवर, फुलांवर नाही. पिशवीवर नाव, मजला, वेळ आणि ‘घंटी’ किंवा ‘कडी’.

वेळ कशी ठरते

आमच्याकडे पोचवायला दोन मुलं, दोघांच्या स्कूटरला दोन-दोन क्रेट. एका घरामागे सरासरी सहा मिनिटं जातात. त्यात रस्ता कमी, गेटवरची नोंद आणि लिफ्टची वाट जास्त. बारा घरांना ७२ मिनिटं, मग दुकानात परत येऊन पुढचे क्रेट भरायला पंधरा मिनिटं. असा दीड तास भरतो. दोन मुलं, बारा-बारा घरं, म्हणून एका वेळेत चोवीस.

दीड तासाच्या आत ‘नक्की किती वाजता’ हे मात्र आम्ही सांगत नाही. बारा घरांचा क्रम वाटेवरून ठरतो. एकाला “पावणेसातला” असा शब्द दिला की त्यासाठी वाट मोडावी लागते आणि बाकीचे अकरा मागे पडतात. ज्यांना सातच्या आत हवंय त्यांनी पहिली वेळ घ्यायची. आमचा शब्द वेळेच्या शेवटच्या मिनिटाचा असतो, मधल्या मिनिटांचा नाही. तो पाळला नाही तर पैसे परत. त्या ओळीने आम्हालाच शिस्त लावली. ती लिहिल्यापासून ‘आणखी एक तोरण’ला नाही म्हणायला मला जड जात नाही.

सणागणिक या वेळा बदलतात, आणि इथे नवखे फुलवाले चुकतात. एकदा ठरवलेल्या वेळा ते सगळ्या सणांना वापरतात. गुढीपाडव्याला गुढी सूर्योदयानंतर लगेच उभारायची असते. तिथे साडेआठनंतरची वेळ ठेवण्यात अर्थ नसतो, सगळ्यांना पहिल्या दोनच हव्या असतात. म्हणून त्या दिवशी आम्ही मागण्याच कमी घेतो, तिसऱ्या वेळेच्या आशेवर राहत नाही. गणेश चतुर्थीला प्रतिष्ठापना दुपारपर्यंत चालते, त्यामुळे हार दहा-अकराला पोचला तरी चालतो. लक्ष्मीपूजन तर संध्याकाळचं. त्यासाठी पहाटे पोचवलेला हार पूजेला बसेपर्यंत दहा-बारा तासांचा झालेला असतो. त्या दिवशी आमच्या वेळा दुपारी दोनपासून सुरू होतात आणि ओवायचं काम सकाळी होतं. दसऱ्याला घराघरांत फरक असतो. दुकान, कारखाना, रिक्षा असलेल्यांना पहाटे हवं, घरच्या पूजेला आठ-नऊ चालतात. २०२५ ला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आली. नोकरदारांना सुट्टी होती, म्हणून पहिल्या वेळेची धाव कमी झाली आणि साडेआठची वेळ सगळ्यांत आधी भरली.

‘घंटी की कडी’ हा प्रश्न एका बाळंतिणीच्या घराने शिकवला. पहाटे पावणेसहाला आमच्या मुलाने इमानाने घंटी वाजवली आणि रात्रभर रडून नुकतंच झोपलेलं बाळ जागं झालं. तेव्हापासून प्रत्येक मागणीत हा प्रश्न विचारते. निम्म्याहून जास्त लोक ‘कडी’ म्हणतात.

भाव आणि आगाऊ पैसे

सणाच्या दोन दिवसांत झेंडूचा भाव दुप्पट होऊ शकतो. म्हणून बरेच फुलवाले लिहितात, “किंमत त्या दिवशीच्या भावानुसार.” गिऱ्हाइकाला ही ओळ धास्तावते आणि तोरणाच्या बाबतीत ती गरजेची नसते. का ते बघा. एका तोरणाची २२ फुलं म्हणजे टाकाऊ धरून पावणेदोनशे ग्रॅम झेंडू. भाव किलोला ८० रुपये असला तर तोरणात चौदा रुपयांची फुलं. भाव १६० झाला तर अठ्ठावीस. फरक चौदा रुपयांचा. तोरणाच्या किमतीतला मोठा वाटा रात्रपाळीच्या मजुरीचा, पोचवण्याचा आणि पानांचा असतो, आणि तो बाजारावर हलत नाही. म्हणून आम्ही २५० रुपये एकदाच सांगतो आणि चौदा रुपये आपल्या अंगावर घेतो. सुट्या फुलांची गोष्ट वेगळी. तिथे किंमत म्हणजे फुलाचाच भाव. ती आधी बांधून दिली तर दुकान बुडेल, म्हणून या मजकुरात सुटी फुलं नाहीत. तुमच्या फुलवाल्याने तोरणासाठीही ‘त्या दिवशीचा भाव’ म्हटलं, तर त्याला विचारा : एका तोरणात फुलं किती ग्रॅम?

पूर्ण पैसे आधी मागतो, याचा काहींना राग येतो. पहिल्या वर्षी आम्ही घेतले नव्हते. नवमीच्या संध्याकाळी रस्तोरस्ती झेंडूचे ढीग लागतात. चौदा जणांनी घरी जाताना तिथूनच फुलं घेतली आणि दसऱ्याला आमच्या मुलाला दारातून परत पाठवलं. ओवलेलं तोरण दुसऱ्याला विकता येत नाही, तोवर बाकीच्यांची दारं सजलेली असतात. पैसे आधी घेतले की मागणी पक्की होते. उलट बाजूने सोमवार रात्रीपर्यंत रद्द करायची मुभा देतो, कारण तोवर फूल घेतलेलं नसतं.

तुमच्या दारात आल्यावर

तोरण हातात आलं की आधी मागून बघा. पुढच्या पाकळ्या सगळ्यांच्याच केशरी असतात, वय कळतं ते मागच्या हिरव्या कपावरून. हिरवा आणि कडक असेल तर ताजं. पिवळट, मऊ असेल तर कालपरवाचं. मधल्या एखाद्या फुलाच्या पाकळ्या अलगद ओढा. चिमटीत गोळा होऊन आल्या तर ते आतून गेलंय. तसं निघालं तर लगेच फोटो काढून कळवा. दुपारी कळवलं तर दोष ओवणाऱ्याचा की दारावरच्या उन्हाचा, ते कुणालाच सांगता येत नाही.

पहाटे आलं आणि बांधायला वेळ असेल तर पिशवीतून काढून ताटात सैल पसरा, वर ओला पिळलेला पंचा टाका. फ्रीज नको, पाटावरची सावली पुरते. दार पश्चिमेला असेल तर पानं संध्याकाळी वळणारच. तो तोरणाचा दोष नाही. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा पानांवर ओला हात फिरवा, तेवढाच दिलासा. आणि दसरा झाल्यावर तोरण खाली उतरवाल तेव्हा दोऱ्यासकट निर्माल्यात टाकता यावं, म्हणून आम्ही नायलॉन वापरत नाही. सुती दोरा फुलाबरोबर मातीत जातो.

गेल्या दसऱ्याला मजकूर पाठवला त्याच रात्री पहिलं उत्तर त्या आजोबांचं आलं. नाव नाही, पत्ता नाही, नमस्कारही नाही. दोनच ओळी होत्या : “४२ इंच. पहिली वेळ. कडी.” पैसे आधीच जमा झाले होते. गुरुवारी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या मुलाने पिशवी त्यांच्या कडीला अडकवली. तो लिफ्टपाशी पोचायच्या आत दार उघडलं. आजोबा आंघोळ करून, हातात स्टूल घेऊन उभे होते.